शेवटच्या नोटिशीत काय नको

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतलं एखादं छोटं वर्कशॉप डोळ्यांसमोर आणू. मोठ्या कारखान्याला जिग-फिक्स्चर बनवून देणारं, दहा-बारा कामगारांचं. बिल थकलंय, फोन करून झालेत, दोन स्मरणपत्रंही गेलीत. मग एका रात्री मालक स्वतःच शेवटची नोटीस लिहायला बसतो आणि बहुतेक वेळा कागदावर असं काहीतरी उतरतं:

‘आदरणीय साहेब, सप्रेम नमस्कार. आपले संबंध घरच्यासारखे, म्हणून आजवर पैशासाठी कधी तगादा लावला नाही. पण आता पाणी डोक्यावरून गेले आहे. दिवाळीत कामगारांना बोनस द्यायला मला हातउसने घ्यावे लागले. तुमच्या अकाउंट्सचा माणूस फोन उचलत नाही. माल पोचवायला आमच्याकडून दोन दिवस उशीर झाला हे खरे, पण म्हणून इतके दिवस पैसे अडवायचे? तरी लवकरात लवकर पूर्ण रक्कम द्यावी, फार तर थोडे कमी-जास्त करून घेऊ. नाहीतर नाइलाजाने पोलिसांत जावे लागेल आणि मार्केटमध्ये सगळ्यांना सांगावे लागेल. कळावे, लोभ असावा.’

यातला एकेक शब्द खरा असेल आणि राग तर रास्तच आहे. पण हे पत्र वाचून कोणाला पैसे सोडता येतील? अकाउंट्सच्या टेबलावर बसलेल्या माणसाला बिल नंबर लागतो, पर्चेस ऑर्डरचा नंबर लागतो, बाकी किती ते लागतं. इथे रक्कमसुद्धा लिहिलेली नाही. त्यामुळे पत्र ‘साहेबांना दाखवतो’ म्हणून बाजूला पडतं.

या पत्राला दुसराही एक वाचक असू शकतो, आणि लिहिणाऱ्याला त्याचा विसर पडलेला असतो. प्रकरण पुढे गेलं तर हाच कागद फॅसिलिटेशन कौन्सिलसमोर किंवा न्यायाधीशांसमोर जाणार. तिथे ‘दोन दिवस उशीर झाला हे खरे’ हे वाक्य कारखान्याचा वकील बोट ठेवून वाचून दाखवेल. ‘थोडे कमी-जास्त करून घेऊ’ म्हटलं की पूर्ण रकमेवर आपणच ठाम नाही, असा अर्थ निघतो. सवलत द्यायची असेल तर ती वेगळ्या पत्रात, आकड्यासह आणि मुदतीसह द्यावी. पोलिसांची धमकी तर उलटतेच. व्यवहारात फसवणूक नसेल तर थकलेलं बिल ही दिवाणी बाब असते, आणि मार्केटमध्ये नाव खराब करण्याची भाषा समोरच्याला बदनामीच्या तक्रारीची संधी देते.

म्हणून काटछाट करताना सभ्य शब्द काढून कडक शब्द घालायचे, असं नाही. ज्या वाक्यावरून समोरच्याला काही करता येत नाही आणि तिसऱ्या माणसाला काही तपासता येत नाही, ते वाक्य काढायचं. बोनस गेला, घरचे संबंध गेले, न उचललेला फोनही गेला. ‘लवकरात लवकर’च्या जागी तारीख आली. उरलं ते एवढं:

‘विषय: बिल क्र. 118, दि. 12 ऑगस्ट. शिल्लक रु. 1,76,000 ची अंतिम मागणी.

महोदय, आपल्या पर्चेस ऑर्डर क्र. 407 नुसार आम्ही 12 ऑगस्ट रोजी चलन क्र. 231 अन्वये जिग-फिक्स्चर पोचवले. त्याचे रु. 2,36,000 चे बिल 30 दिवसांच्या मुदतीनुसार 11 सप्टेंबरपर्यंत देय होते. 3 ऑक्टोबर रोजी रु. 60,000 मिळाले, त्याबद्दल आभार. रु. 1,76,000 बाकी आहेत. मालाबद्दल आपला कोणताही लेखी आक्षेप आम्हाला आलेला नाही.

ही रक्कम 4 डिसेंबरपर्यंत बिलावरील बँक खात्यात जमा करावी. आधीच पाठवली असल्यास यूटीआर क्रमांक कळवावा.

या तारखेपर्यंत रक्कम न मिळाल्यास आम्ही 5 डिसेंबर रोजी एमएसएमई विकास कायदा, 2006 नुसार व्याजासह वसुलीसाठी फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज दाखल करू. आपला विश्वासू.’

मिळालेल्या साठ हजारांचे आभार इथे नुसत्या सौजन्यापोटी मानलेले नाहीत. आलेले पैसे आपण प्रामाणिकपणे वजा केलेत, हे त्यातून दिसतं. आक्षेपाचं वाक्यही मुद्दाम ठेवलं आहे, कारण माल पोचल्यापासून 15 दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं हा कायदा मानतो. अर्थात हे वाक्य खरं असेल तरच लिहावं. एखादा जुना ईमेल निघाला तर सगळ्या पत्राचा विश्वास जातो. ‘काही हरकत असल्यास कळवावे’ मात्र शेवटच्या नोटिशीत नको. तो प्रश्न पहिल्या स्मरणपत्रात विचारायचा असतो. आता विचारला तर समोरचा नवी हरकत शोधून काढतो.

शेवटच्या परिच्छेदात जोर आहे तो कायद्याचा. सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं आणि ही मुदत 45 दिवसांपेक्षा जास्त ठरवताच येत नाही. लेखी करार नसेल तर 15 दिवसच मिळतात. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज लागतं, तेही दरमहा चक्रवाढ. बँक रेट साडेपाच टक्के धरला तर दर होतो साडेसोळा टक्के, म्हणजे आपल्या 1,76,000 वर पहिल्याच महिन्याला 2,420 रुपये. शिवाय 1 एप्रिल 2024 पासून प्राप्तिकरातही बदल झाला आहे. अशा उद्योगाचं बिल मुदतीनंतर दिलं तर खरेदीदाराला तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिलेल्या वर्षातच वजा करून मिळतो. कारखान्याच्या सीएला हे सांगावं लागत नाही. पत्रात मुदतीची तारीख असली की पुरे.

मात्र हा आधार सगळ्यांना नाही. उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना व सेवा देणाऱ्यांना तो मिळतो. नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना 2021 मध्ये उद्यम नोंदणी खुली झाली ती प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरती. नोंदणी व्यवहाराच्या आधीची असावी, नाहीतर तोच वादाचा मुद्दा होतो. ज्याला हा मार्ग लागू नाही त्याने त्या वाक्यात दिवाणी दाव्याचा उल्लेख करावा. जे आपण खरोखर करणार नाही ते लिहूच नये. 5 डिसेंबर लिहिलं असेल तर पर्चेस ऑर्डर, शिक्का-सहीचं चलन, बिल आणि खातेउतारा आदल्या दिवशी फाइलला लागलेले हवेत. ‘अंतिम’ म्हणून तिसरं पत्र पाठवणाऱ्याला अकाउंट्सवाले लगेच ओळखतात.

पत्र ईमेलने अकाउंट्सला आणि मालकाला किंवा संचालकांना एकाच वेळी जावं, शिवाय स्पीड पोस्टने. डिलिव्हरीचा पुरावा जपून ठेवावा. नुसत्या व्हॉट्सॲपवर भागवू नये.

एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. नोटीस पाठवली म्हणून दाव्याची तीन वर्षांची मुदत वाढत नाही. मुदत संपण्याआधी समोरच्याने देणं सही करून लेखी मान्य केलं, किंवा काही पैसे दिले आणि त्याची त्याच्या सहीची नोंद असली, तर ती नव्याने मोजली जाते. त्यामुळे नोटीस पोचल्यावर फोन आला, ‘निम्मे आत्ता, निम्मे जानेवारीत देतो’, तर फोनवर वाद घालण्यात अर्थ नाही. ‘आपण सांगितलेल्या तारखा आणि 1,76,000 ची बाकी मान्य असल्याचं लेटरहेडवर सहीनिशी आज पाठवा’ एवढं सांगावं. तो कागद 4 डिसेंबरच्या आत हातात आला, तर अर्ज थांबवायचा की नाही हे मालकाने ठरवावं.