गैरहजेरीचे आकडे आणि एक फसवी खात्री

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्यात वॉलगेट हे छोटे गाव आहे. तिथली १४६ शाळकरी मुले एका शैक्षणिक वर्षात किती दिवस गैरहजर राहिली, याची एक जुनी नोंद आहे. १९७८ साली मरे एटकिन यांनी तिचे विश्लेषण प्रसिद्ध केले. आता ती R या संगणक प्रणालीत `quine` नावाने मिळते आणि संख्याशास्त्र शिकणारे तिच्यावर हात बसवतात. मुलगा की मुलगी, ॲबोरिजिनल समाजातला की बाहेरचा, इयत्ता कोणती आणि शिकण्याचा वेग कसा, एवढी माहिती प्रत्येक मुलाबद्दल आहे.

प्रश्न साधा आहे. मुलगे मुलींपेक्षा जास्त दिवस बुडवतात का?

गैरहजेरीचे दिवस मोजून येतात, शून्याखाली जात नाहीत. अशा आकड्यांसाठी पहिल्यांदा आठवते ते पॉयसाँ मॉडेल. ते लावले, की उत्तर ठणठणीत मिळते: बाकीच्या गोष्टी सारख्या असताना मुलांची गैरहजेरी मुलींच्या १.१८ पट. ९५ टक्के विश्वासमर्यादा १.०८ ते १.२८. म्हणजे फरक योगायोगाचा नाही, असे कुणीही बिनदिक्कत लिहून टाकेल.

इथेच थांबायला हवे. पॉयसाँची एक अट आहे: सरासरी जितकी, तितकेच प्रचरण, म्हणजे आकड्यांच्या फैलावाचे माप. वॉलगेटच्या मुलांची सरासरी साडेसोळा दिवस, आणि प्रचरण तब्बल २६४. यातला काही फैलाव वय, समाज वगैरे घटकांमुळे असणार, पण ते मॉडेलमध्ये घेऊनही ताण उरतोच. शिल्लक फैलाव मोजणारा डेव्हिअन्स हा आकडा मुलांच्या संख्येतून मॉडेलमधल्या गुणकांची संख्या वजा करून येणाऱ्या आकड्याच्या आसपास असावा, अशी अपेक्षा असते. इथे तो १३९ च्या जवळपास हवा होता, आला १,६९७. बारा पट! इतक्या फरकाकडे काणाडोळा करणे अवघडच, तरी तो केला जातो.

फैलाव एवढा का वाढतो, याचे उत्तर १९२० मध्ये ग्रीनवुड आणि यूल यांनी तोफगोळे बनवणाऱ्या ६४७ कामगार स्त्रियांच्या अपघातांवरून दिले होते. पाच आठवड्यांत तीन किंवा जास्त अपघात झालेल्या स्त्रिया पॉयसाँप्रमाणे आठेक असायला हव्या होत्या, प्रत्यक्षात २६ निघाल्या. सगळ्यांचा अपघाताचा दर एकच आहे, असे न मानता प्रत्येकीचा दर थोडा वेगळा आहे असे मानले, की हिशेब बराच जुळतो. हे वेगवेगळे दर गॅमा वितरणाप्रमाणे पसरलेले मानले, की निगेटिव्ह बायनॉमियल हाती येते. त्यात थीटा नावाचा एक जादा आकडा असतो. तो जितका लहान, तितका फैलाव जास्त.

वॉलगेटच्या नोंदीला हे मॉडेल लावल्यावर थीटा १.२७ येतो आणि डेव्हिअन्स १६८ वर उतरतो. मुलग्यांचे गुणोत्तर १.०९ होते, विश्वासमर्यादा ०.७९ ते १.४९. पॉयसाँने दाखवलेली खात्री विरून जाते. गुणोत्तर थोडे सरकले खरे, पण खरा बदल प्रमाण त्रुटीत आहे: ती जवळपास चौपट झाली. जुने उत्तर ठाम वाटत होते, कारण मॉडेल अनिश्चितता कमी लेखत होते. अहवालात 'मुलगे जास्त दांड्या मारतात' असे लिहिता येणार नाही. 'फरक नाही' असेही नाही. मुलग्यांची गैरहजेरी पाचव्या हिश्शाने कमी असण्यापासून दीडपट असण्यापर्यंत काहीही या आकडेवारीशी सुसंगत आहे, एवढेच.

समाजाचा फरक मात्र टिकतो. ॲबोरिजिनल नसलेल्या मुलांसाठी गुणोत्तर ०.५७, मर्यादा ०.४२ ते ०.७६. शब्दांत मांडायचे तर, वय, लिंग आणि शिकण्याचा वेग सारखा असताना या मुलांची सरासरी गैरहजेरी ॲबोरिजिनल मुलांच्या ०.५७ पट, म्हणजे ४३ टक्के कमी आहे. हेच उलटे सांगताना '४३ टक्के जास्त' लिहिणे ही नेहमीची घसरगुंडी. एकाला ०.५७ ने भागले की १.७५ येते, म्हणजे ॲबोरिजिनल मुलांची गैरहजेरी सुमारे ७५ टक्के जास्त. शिवाय हे गुणोत्तर दिवसांचे आहे. 'गैरहजर राहण्याची शक्यता ४३ टक्के कमी' किंवा '४३ टक्के मुले' असा अर्थ त्यातून निघत नाही. आणि त्यामागचे कारण गरिबी, अंतर की शाळेचे वागणे, हे या रकान्यांत कुठेच नाही.

इथे सगळ्यांचे वर्ष एकच धरले आहे. काही मुले अर्ध्या वर्षात दाखल झाली असती, तर पटावरच्या दिवसांचा लॉगॅरिथम ऑफसेट म्हणून घालावा लागला असता आणि अहवालात तसे नमूदही करावे लागले असते. निगेटिव्ह बायनॉमियलकडे वळण्याआधी हेही तपासलेले बरे, की फैलाव एखाद्या सुटलेल्या घटकामुळे तर नाही. मुलगा-मुलगी हा फरक सगळ्या इयत्तांत सारखाच असेल, असे वरच्या मॉडेलने गृहीत धरले आहे. तसा तो नसेल, तर १.०९ हा एकच आकडा छापण्यापेक्षा प्रत्येक इयत्तेचे गुणोत्तर वेगळे द्यावे लागेल.