निकाल विरोधात गेला, पुढे काय? वकिलाच्या पत्रात काय असावे

अॅट्रॉसिटीच्या खटल्यात आरोपी निर्दोष सुटला की फिर्यादीला बहुधा फोनवर एकच वाक्य ऐकायला मिळते: "केस हरली, अपील करू." का हरली, किती दिवसांत अपील करायचे, हे कळत नाही. म्हणून एका ज्युनिअर वकिलाने मराठवाड्यातील आपल्या पक्षकार ताईंना लिहिलेले पत्र आम्हाला महत्त्वाचे वाटते. नाव-गाव वगळून त्याचा आशय येथे देत आहोत.

पत्राच्या सुरुवातीला निकालाचे कारण आहे. जातिवाचक शिवीगाळ झालीच नाही, असे विशेष न्यायालयाने म्हटलेले नाही. कायद्याला शिवीगाळ 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' झालेली लागते. घटना अंगणात घडली, ती जागा घराचाच भाग आहे, आणि साक्षीला फक्त नातेवाईक उरले, कारण शेजारचा साक्षीदार फितूर झाला, असे न्यायालयाचे म्हणणे आहे.

पुढे मुदत आहे. कलम 14अ नुसार उच्च न्यायालयात 90 दिवसांत अपील करता येते. निकाल 6 जानेवारीचा, म्हणजे शेवटची तारीख 6 एप्रिल. निकालाची प्रमाणित नक्कल मिळायला लागलेले दिवस वगळले जातात, पण वकील लिहितात, "ताई, त्या दिवसांवर विसंबू नका. नकलेचा अर्ज याच आठवड्यात करू." सरकारने अपील केले नाही तरी पीडित व्यक्ती स्वतः करू शकते. त्यासाठी आधी वेगळी परवानगी लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2018 साली स्पष्ट केले आहे.

खर्चाबद्दल पत्र सरळ आहे. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला 1987 च्या विधी सेवा कायद्याखाली उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. त्यासाठी जातीचा दाखला जोडून औरंगाबाद खंडपीठाच्या विधी सेवा उपसमितीकडे अर्ज करायचा. खासगी वकील घेतला, तर फी आधी लेखी ठरवून घ्यावी. जाण्या-येण्याचा खर्च मात्र स्वतः धरून चालावा.

शेवटी यशाची शक्यता. अंगण रस्त्यावरून दिसते, हे घटनास्थळ पंचनाम्यात नोंदलेले आहे. घराबाहेरची पण रस्त्यावरून दिसणारी जागा या व्याख्येत बसू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली म्हटले आहे. हा मुद्दा भक्कम आहे. पुरावा मात्र कच्चा आहे. निर्दोष सुटका झाल्यावर आरोपीच्या निर्दोषत्वाचे गृहीतक आणखी बळकट होते. खालच्या न्यायालयाचे मत शक्य कोटीतले असेल, तर उच्च न्यायालय सहसा हात घालत नाही. म्हणून वकील लिहितात, "अपील करण्याजोगे आहे, पण जिंकूच असे मी म्हणणार नाही."

कार्यकर्त्यांनी पीडित कुटुंबाच्या वतीने वकिलाकडे असेच लेखी पत्र मागावे: कारण, तारीख, खर्च आणि शक्यता. मुदत उलटून गेल्यावर विचारले, तर आधी उशीर माफ करून घेण्यासाठीच झगडावे लागते.