पुणे ते न्यू जर्सी, सहा फ्रेम्स

नव्वदच्या दशकाच्या शेवटी महाराष्ट्रातल्या व्हिडिओगेम पार्लरमध्ये 'किंग ऑफ फायटर्स 97'च्या यंत्राभोवती गर्दी असायची. त्या गर्दीतला एक मित्र आज पुण्यात आहे आणि दुसरा न्यू जर्सीत, असं समजू. दोघांकडे खेळाची रीतसर घेतलेली प्रत आहे, लॅपटॉपवर 'रेट्रोआर्क' आहे आणि त्यात 'एफबी निओ' हा कोअर, म्हणजे जुन्या यंत्राची नक्कल करणारा भाग. आता ते एकमेकांशी खेळू शकतात का?

खेळू शकतात, पण तारेवरून नेमकं काय जातं हे आधी कळायला हवं. खेळाचं चित्र एकीकडून दुसरीकडे जातच नाही. दोन्ही घरांत खेळ स्वतंत्रपणे चालू असतो आणि कोणी कुठलं बटण दाबलं एवढीच माहिती ये-जा करते. हा खेळ सेकंदाला जवळपास 60 फ्रेम्स दाखवतो, म्हणजे एका फ्रेमला साधारण 17 मिलिसेकंद मिळतात. पिंग म्हणजे संदेश जाऊन परत यायला लागणारा वेळ. तो 200 मिलिसेकंद असेल, तर एका बाजूचा प्रवास 100 मिलिसेकंदांचा, म्हणजेच सहा फ्रेम्सचा.

या सहा फ्रेम्सचं करायचं काय? जुना मार्ग फ्रेम डिलेचा. पुण्यातल्या मित्राने ठोसा दाबला की त्याच्या स्वतःच्या पडद्यावरही तो सहा फ्रेम्स उशिरा सुटतो, तोवर दाबल्याची बातमी पलीकडे पोचलेली असते. दोन्हीकडचा खेळ एकसारखा राहतो, पण हात जड होतो. या खेळातली छोटी उडी वरच्या दिशेच्या निसटत्या स्पर्शावर अवलंबून असते, त्यामुळे दहाव्या हिश्शाचा सेकंदही जाणत्या खेळाडूला बोचतो.

अमेरिकेतला टोनी कॅनन 2006 साली एक्सबॉक्स 360वर आलेल्या 'स्ट्रीट फायटर 2'च्या ऑनलाइन खेळाने असाच वैतागला आणि त्याने 'जीजीपीओ' लिहिलं. त्यातल्या पद्धतीला रोलबॅक म्हणतात. पलीकडची बातमी येण्याची वाट न पाहता यंत्र अंदाज करतं की समोरच्याने मागच्या फ्रेममध्ये जे दाबलं होतं तेच अजून दाबलेलं आहे. माणसाचा हात फ्रेमगणिक बदलत नाही, म्हणून हा अंदाज बहुतेक वेळा खरा ठरतो. चुकला तर यंत्र साठवलेल्या जुन्या स्थितीकडे परततं, खरं बटण घालून मधल्या फ्रेम्स पुन्हा चालवतं आणि हे सारं एका फ्रेमच्या वेळात उरकतं. पाहणाऱ्याला फक्त समोरच्याच्या ठोशाची सुरुवात गाळलेली दिसते.

दोन्ही मार्ग एकत्र वापरणं सर्वांत उत्तम. रेट्रोआर्कच्या नेटप्ले सेटिंगमध्ये `Input Latency Frames` नावाची नोंद आहे. आपल्या दोन मित्रांनी तिथे 2 ठेवलं, तर सहापैकी दोन फ्रेम्स उशिरात जातात आणि अंदाजावर फक्त चार उरतात. ठोसे अर्धवट दिसू लागले तर आकडा एकाने वाढवावा, हात जड वाटला तर कमी करावा. पुणे-नागपूर असं जवळचं अंतर असेल तर 1 पुरेसा ठरावा. मात्र पिंग सारखा खालीवर होत असेल तर कुठलाच आकडा धड बसत नाही. तेव्हा वायफाय सोडून लॅनची केबल लावावी.

सगळ्यात जास्त संध्याकाळी वाया जातात त्या आवृत्त्यांपायी. दोन्हीकडे फक्त बटणं जात असल्यामुळे त्याच बटणांतून दोन्हीकडे तोच खेळ घडलाच पाहिजे. कोअरची आवृत्ती वेगळी असेल, तर एखादी फ्रेम किंवा एखादा यादृच्छिक आकडा बदलतो आणि पुण्यात क्यो जिंकतो तेव्हा न्यू जर्सीत तोच हरत असतो. याला डीसिंक म्हणतात. ओळखायची खूण सोपी आहे: फोनवर बोलत राहा आणि घड्याळ व जीवनपट्टी मोठ्याने सांगा. रेट्रोआर्क ठरावीक फ्रेम्सनंतर दोन्ही स्थिती ताडून पाहतं आणि फरक सापडला तर दुरुस्त करतं, तेव्हा चित्र अचानक उडी मारतं. तशा उड्या वारंवार दिसल्या तर खेळ थांबवावा. कोअरचं नाव आणि आवृत्ती दोघांनी शब्दशः जुळवावी, `kof97.zip` आणि `neogeo.zip` या फाइल्स एकाच संचातल्या आहेत का ते पाहावं आणि कोअरच्या पर्यायांतलं बायोस एकच ठेवावं. एकाने संगणक आणि दुसऱ्याने फोन वापरणंही शक्यतो टाळावं.

जोडणी करताना एकाने `Netplay` मेनूतून यजमान व्हायचं, दुसऱ्याने यादीतून त्याला निवडायचं. नेहमीचा पोर्ट 55435 असतो. पण भारतातल्या अनेक इंटरनेट जोडण्यांत एकच सार्वजनिक पत्ता पुष्कळ घरांना वाटलेला असतो, त्यामुळे राउटरमध्ये पोर्ट उघडूनही काही होत नाही. अशा वेळी रिले सर्व्हरचा पर्याय चालू करावा. संदेश तिसऱ्या ठिकाणाहून फिरून जातो म्हणून पिंग वाढतो, तेव्हा दोघांना सोयीचा पडेल असा सर्व्हर निवडून फ्रेम्सचा हिशेब नव्याने करावा लागतो.