एचएमजी-कोए रिडक्टेज

एचएमजी-कोए रिडक्टेज हे पेशीतील कोलेस्टेरॉल निर्मितीचा वेग ठरवणारे विकर आहे. ॲसिटिल-कोए या घटकाचे तीन रेणू जुळून एचएमजी-कोए तयार होते आणि हे विकर त्याचे मेव्हॅलोनेटमध्ये रूपांतर करते. ही पायरी मंदावली की पुढील सर्व पायऱ्या मंदावतात.

पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसे असल्यास या विकराचे विघटन वाढते. ते कमी पडल्यास एसआरईबीपी-२ हे प्रथिन पेशीकेंद्रकात जाऊन अनेक जनुकांना चालना देते. त्यांपैकी एक याच विकराचे, तर दुसरे रक्तातील एलडीएल कण पकडणाऱ्या ग्राहीचे असते.

स्टॅटिन औषधांचा परिणाम याच यंत्रणेवर अवलंबून आहे. पहिले स्टॅटिन जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांना १९७३ मध्ये 'पेनिसिलियम सिट्रिनम' या बुरशीत आढळले. स्टॅटिनचा रेणू विकरावरील एचएमजी-कोएची जागा अडवतो. त्यामुळे यकृतपेशीत कोलेस्टेरॉलची टंचाई होते, पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राही वाढतात आणि त्या रक्तातून अधिक एलडीएल उचलतात. रक्तातील घट मुख्यतः या ग्राहींमुळे होते. म्हणूनच ज्या आनुवंशिक विकारात ग्राही-जनुकाच्या दोन्ही प्रती निकामी असतात, त्यात स्टॅटिनचा प्रभाव अत्यल्प असतो. औषध थांबवल्यास निर्मिती पूर्ववत होऊन रक्तातील पातळी पुन्हा वाढते.