सोबत जोडले आहे, कृपया पाहावे

आपल्याकडच्या बहुतेक ईमेलवर अजून कागदी पत्राची छाप आहे. सोसायटीचा सचिव लेटरहेडवर दोन पानी पत्र टाइप करतो, सही-शिक्का मारून स्कॅन करतो, मेलला जोडतो आणि मेलमध्ये फक्त ‘सोबतचे पत्र पाहावे’ एवढेच लिहितो. सभासद लोकलमध्ये उभा असतो. मोबाइलवर ती पीडीएफ उघडायची, बोटांनी मोठी करायची, डावी-उजवीकडे सरकवायची, हे सगळे तो ‘घरी गेल्यावर पाहू’ म्हणून पुढे ढकलतो. मग सभेत पहिला प्रश्न येतो, ‘हे आम्हाला कधी कळवलं?’

याच्या उलट टोकालाही माणसे आहेत. ती गळती कधी सुरू झाली इथपासून तिन्ही कंत्राटदारांच्या अटींपर्यंत सगळे मेलमध्येच ओततात. त्यातली सभेची तारीख चौथ्या परिच्छेदात दडून बसते.

मेल किती लांब असावा याचे शब्दांत मोजलेले माप नसते. वाचून झाल्यावर समोरच्याने काय करायचे आहे, यावर ते ठरते. जोडपत्राचेही तसेच. ते न उघडताच मेल वाचणाऱ्याला आपले काम करता आले, तर वाटणी बरोबर झाली म्हणायचे. एका गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचे उदाहरण घेऊ, कारण त्यात तीन वेगळ्या लांबीचे मेल लागतात.

समजा 48 सदनिकांची इमारत आहे, गच्ची 6,800 चौरस फूट. तीन कंत्राटदारांची कोटेशन आली आहेत: 7,20,000, 8,16,000 आणि 9,60,000 रुपये. प्रत्येक कोटेशन चार-पाच पानांचे. सभासदाला सभेला यायचे आहे आणि मत ठरवून यायचे आहे. त्याच्यासाठी एवढा मेल पुरतो:

‘विषय: गच्ची वॉटरप्रूफिंग – रविवार 20 एप्रिलला सभेत निर्णय

सर्व सभासदांस नमस्कार.
गच्चीच्या कामाचा कंत्राटदार ठरवण्यासाठी रविवार, 20 एप्रिल रोजी सकाळी 10 वाजता इमारतीच्या आवारात सभा आहे. तीन कोटेशनपैकी 8,16,000 रुपयांचे कोटेशन स्वीकारावे, अशी समितीची शिफारस आहे. प्रत्येक सदनिकेला 17,000 रुपये येतील. सर्वांत कमी कोटेशनमध्ये हा वाटा 15,000 होतो, पण त्यात हमी 5 वर्षांची आहे; शिफारस केलेल्यात 10 वर्षांची. प्रश्न असल्यास शनिवारपर्यंत याच मेलला उत्तर द्यावे.
सोबत: तिन्ही कोटेशनचा एकपानी तुलनातक्ता आणि मूळ कोटेशन.
– सचिव’

यात पैसे, तारीख आणि शिफारशीचे कारण आहे. मोबाइलच्या एका पडद्यात, फार तर थोडे सरकवून, सगळे वाचून होते. 48 जणांपैकी बहुतेक जण तक्ताही उघडणार नाहीत आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही. दोघे-चौघे मात्र मूळ कोटेशन ओळन् ओळ वाचतील. जोडपत्रे त्यांच्यासाठी. तक्ता मेलमध्येच का घातला नाही? एक्सेलमधून उचललेला पाच-सहा रकान्यांचा तक्ता मोबाइलवर अनेकदा विस्कटतो आणि कोणता आकडा कोणाचा ते कळेनासे होते. दोन आकड्यांची तुलना वाक्यात चांगली बसते. त्याहून जास्त असेल तर वेगळे पान बरे.

दुसरा मेल त्याआधीचा, कोटेशन मागवण्याचा. इथे बरेच सचिव ‘गच्चीचे वॉटरप्रूफिंग करायचे आहे, दर कळवावेत’ अशी एक ओळ धाडतात. मेल आखूड असला की नेटका, असा आपला समज असतो. इथे तो महागात पडतो. एक कंत्राटदार जुना ब्रिकबॅट कोबा फोडून राडारोडा नेण्याचा खर्च धरतो, दुसरा जुन्यावरच नवा थर देणार असतो, तिसरा पॅरापेटच्या भिंती मोजतच नाही. मग कोटेशनचे आकडे शेजारी ठेवले तरी तुलना होत नाही. तपशील हवेतच: क्षेत्रफळ, किती सदनिकांत गळती आहे, कोबा काढायचा की नाही, पाणी साठवून चाचणी किती तासांची, पैशांचे हप्ते, हमी. पण मला विचाराल तर हा तपशील मेलमध्ये नको, जोडपत्रात हवा. तिघांना शब्दशः तोच मजकूर जायला पाहिजे आणि पुढे तोच वर्क ऑर्डरचा भाग होणार. मेलमध्ये चार-पाच ओळी: काम काय, जागा पाहायला कधी यायचे, कोटेशन कोणत्या तारखेपर्यंत, आणि ‘दर सोबतच्या कामाच्या तपशिलानुसारच द्यावेत’.

असा कागद गूगल डॉकची लिंक म्हणूनही पाठवता येतो, पण इथे पाठवू नये. लिंकमागचा मजकूर नंतर बदलता येतो. जोडलेली पीडीएफ ज्या दिवशी गेली तशीच समोरच्याकडे राहते. सभेच्या इतिवृत्ताचा कच्चा मसुदा, ज्यावर समितीतल्या पाच जणांनी हात फिरवायचा आहे, त्याला मात्र लिंकच बरी. नाहीतर ‘अंतिम’, ‘अंतिम 2’, ‘खरोखर अंतिम’ अशा फाइली जमतात. लिंक पाठवण्याआधी ती दुसऱ्या खात्यातून उघडून पाहावी. परवानगी दिली नसेल तर प्रत्येक जण ‘रिक्वेस्ट अॅक्सेस’चे बटण दाबून वाट पाहत बसतो.

तिसरा मेल तक्रारीचा. काम झाले आणि पहिल्याच पावसात 703 नंबरच्या छताला ओल आली. हा मेल लांब असला तरी चालेल आणि त्याचा गाभा मेलच्या मजकुरातच असायला हवा. याचे कारण तांत्रिक आहे. मेल फॉरवर्ड केला तर जोडपत्रे पुढे जातात, पण ‘रिप्लाय’ केले की सहसा गळून पडतात. चार-सहा उत्तरे झाली की साखळीत फक्त मजकूर उरतो. म्हणून काम संपल्याची तारीख, गळती दिसल्याची तारीख, फोनवर कोणाशी कधी बोलणे झाले, हमीचे कलम कोणते आणि आता कोणत्या तारखेपर्यंत काय हवे, हे क्रमाने मजकुरात लिहावे. मागणी मात्र पहिल्या दोन ओळींत. संतापाचा परिच्छेद गाळला तर मेलची लांबी एरवीच बरीच कमी होते. फोटो जोडावेत, आणि कोणता फोटो कशाचा ते मजकुरात सांगावे: ‘फोटो 1: हॉलचे छत, 24 जून’.

फोटोंवरून आकाराकडे येऊ. मोबाइलचा एक फोटो सहज 3 ते 5 एमबीचा असतो. आठ-दहा जोडले की जीमेलची 25 एमबीची मर्यादा ओलांडली जाते. त्यात आणखी एक खोच आहे. ईमेलची मूळ रचना साध्या अक्षरांसाठी झाली, त्यामुळे फाइल पाठवताना तिचे अक्षरांत रूपांतर होते. दर तीन बाइटची चार अक्षरे होतात, म्हणजे आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो. पलीकडच्या कार्यालयाची मर्यादा 20 एमबी असेल तर 15 एमबीची फाइलही काठावरच असते. गळतीचा डाग दाखवायला पूर्ण आकाराचा फोटो लागत नाही. फोटो लहान करून तीन-चारच निवडावेत आणि व्हिडिओ लिंकने द्यावा.

फाइलला नाव देताना ती सहा महिन्यांनी कोणीतरी शोधणार आहे हे धरून चालावे. `scan0007.pdf` तेव्हा कोणालाही सापडत नाही. `Terrace_3_Quotations_2025-04-12.pdf` सापडते, आणि वर्ष आधी लिहिल्यामुळे एकाच विषयाच्या फाइली तारखेच्या क्रमानेच लागतात.