अर्धा भरलेला डिशवॉशर लावावा का?

दोघांच्या घरात डिशवॉशर आला की थोड्याच दिवसांत एक वाद सुरू होतो. रात्रीची जेवणे झाली, मशीन जेमतेम अर्धे भरले आहे. एकजण म्हणतो, "लावून टाकू, सकाळी डबे लागतील." दुसरा म्हणतो, "एवढ्याशा भांड्यांसाठी? पाणी किती जाईल!" आपल्याकडे पाण्याची काळजी आधी वाटणे साहजिक आहे. पण हिशेब मांडायला बसले, की या सगळ्या खर्चात पाणीच सर्वांत किरकोळ निघते.

कारण डिशवॉशर आत पाणी तुडुंब भरत नाही. तळाच्या खोलगट भागात तो तीन-चार लिटर पाणी घेतो आणि पंपाने तेच पाणी फिरत्या पंख्यांमधून भांड्यांवर मारत राहतो. पाणी खाली आले की गाळणीतून जाते आणि पुन्हा वर फेकले जाते. काही वेळाने ते सोडून देऊन नवे घ्यायचे, असे तीन-चार वेळा होते. बारा-चौदा जणांच्या मापाचे मशीन इको प्रोग्रॅमवर साधारण १० लिटर पाण्यात काम उरकते. आत वीस भांडी असोत की साठ, हा आकडा फारसा हलत नाही. ऑटो प्रोग्रॅम असेल तर पाणी किती गढूळ झाले ते पाहून मशीन थोडे कमी-जास्त करते, एवढेच.

सिंकचा नळ बऱ्यापैकी सोडला तर मिनिटाला सहा-सात लिटर पाणी सहज जाते. म्हणजे अर्ध्या भरलेल्या मशीनचे सगळे पाणी वाहत्या नळाखाली दीड-दोन मिनिटांत संपते. टबात पाणी घेऊन घासणारी काटकसरी व्यक्ती चार ताटे याहून कमी पाण्यात धुईल, हे खरे. पण भांडी वाहत्या नळाखाली धुणाऱ्या घराने अर्ध्या मशीनला पाण्याची उधळपट्टी म्हणू नये.

विजेचे तसे नाही. जर्मनीतल्या बॉन विद्यापीठात रायनर श्टामिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या शतकाच्या सुरुवातीला युरोपातल्या वेगवेगळ्या देशांच्या लोकांना बारा जणांची भांडी हाताने घासायला लावली होती. सरासरी शंभर लिटरच्या आसपास पाणी आणि सुमारे अडीच युनिट ऊर्जा लागली. मशीन पाणी आणि वीज दोन्ही वाचवते, हा प्रचार अशा तुलनांवर उभा आहे. मात्र ती ऊर्जा पाणी तापवायला लागली होती, कारण तिथे भांडी गरम पाण्याने घासतात. आपण घासतो थंड पाण्याने. त्यामुळे आपल्या घरात डिशवॉशरची वीज हा निव्वळ वाढीव खर्च असतो आणि तो अर्ध्या भांड्यांवर करायचा की पूर्ण, हा प्रश्न इथे खरा ठरतो.

ही वीज जाते कुठे? पंपाला थोडी लागते, बाकी बहुतेक तापवण्यात जाते. चार लिटर पाणी २५ अंशांवरून ५० अंशांपर्यंत न्यायला साधारण ०.१२ युनिट लागते. शेवटचे विसळणे याहून गरम पाण्यात होते, कारण भांडी वाळायला ती आधी तापावी लागतात. शिवाय मशीनची आतली स्टीलची पेटी आणि जाळ्या दरवेळी तापतात. या सगळ्यात भांड्यांचा वाटा किती? समजा, मशीन अर्धे राहिल्यामुळे आत सहा किलो स्टील कमी गेले. ते स्टील ५० अंशांपर्यंत तापवायला लागली असती ०.०२ युनिट वीज. शेवटच्या गरम विसळण्याचे धरले तरी सगळी बचत ०.०५ युनिटच्या आसपास, म्हणजे फार तर पन्नास पैसे. चिनी मातीच्या ताटल्या वजनाच्या मानाने जास्त उष्णता खातात, तिथे फरक थोडा वाढतो. स्टीलच्या ताट-वाट्यांच्या घरात मात्र निम्मी भांडी काढून ठेवल्याचा विजेवर जवळजवळ परिणाम होत नाही.

मशीनवरच्या 'हाफ लोड' बटणाकडूनही म्हणूनच फार अपेक्षा ठेवू नये. ते पाणी आणि वेळ काही प्रमाणात कमी करते, पण पेटी, पंप आणि किमान पाणी तेवढेच राहते. निम्मी भांडी म्हणजे निम्मा खर्च, असे ते बटण कधीच करू शकत नाही.

आता पुण्यातल्या एखाद्या नोकरदार जोडप्याचे घर घेऊ. चौदा जणांचे मशीन, इको प्रोग्रॅम, दरवेळी १० लिटर पाणी आणि ०.९ युनिट वीज. वीज सोयीसाठी १० रुपये युनिट धरू आणि साबणाची एक गोळी १५ रुपयांची. रोज रात्री अर्धे मशीन लावले, तर महिन्याला ३०० लिटर पाणी, २७ युनिट आणि ३० गोळ्या. एक दिवसाआड भरून लावले, तर सगळे याच्या निम्मे. पाण्याची बचत महिन्याला १५० लिटर, म्हणजे दिवसाला पाच लिटर, अर्धी बादलीही नाही. विजेचे वाचले १३५ रुपये. आणि गोळ्यांचे? २२५ रुपये. अर्ध्या मशीनमध्ये सर्वांत जास्त वाया जाते ते डिटर्जंट, आणि त्याचा विचार वाद घालणाऱ्या दोघांपैकी कोणीच केलेला नसतो.

यावर एक सोपा उपाय आहे: गोळीऐवजी पावडर वापरायची. गोळी पूर्ण भरलेल्या मशीनच्या मापाची असते आणि तिच्यात थर असल्यामुळे ती मोडून वापरणे बरे नाही. पावडर मात्र भांडी कमी आणि कमी तेलकट असतील तेव्हा कमी घालता येते. पावडरबरोबर मीठ आणि रिन्स एड वेगळे भरावे लागते, तेवढी कटकट सोसायची. सोसायटीत बोअरचे किंवा टँकरचे पाणी येत असेल, तर मीठ नाहीतरी लागतेच. नाहीतर काचेच्या पेल्यांवर पांढरी झाक चढते.

एक दिवसाआड लावायचे ठरले, की पुढची अडचण लगेच समोर येते. कालच्या वरणाचे पातेले आज रात्रीपर्यंत वाळून कडक होते. भाताचा स्टार्च सुकला की सिमेंटसारखा बसतो. झुरळे आणि वास आहेतच. मग 'कढई'चा किंवा इंटेन्सिव्ह प्रोग्रॅम लावावासा वाटतो. तो पाणी ६५-७० अंशांपर्यंत तापवतो आणि त्याला दीड युनिटपर्यंत वीज लागते. म्हणजे दोन रात्री अर्धे मशीन इकोवर लावले तर १.८ युनिट, आणि दोन दिवस थांबून इंटेन्सिव्ह लावले तर १.५. थांबून वाचवलेली वीज बहुतेक तिथेच गेली.

ही गडबड टाळायला 'प्री-रिन्स' नावाचे बटण असते, आणि माझ्या मते छोट्या घरासाठी मशीनवरचे सर्वांत उपयोगी बटण तेच. पहिल्या रात्री भांडी आत लावून ते दाबायचे. साबण घालायचा नाही, पाणी तापत नाही. दहा-पंधरा मिनिटांत तीन-चार लिटर थंड पाण्याने खरकटे ओले होऊन निघते आणि उरलेले वाळत नाही. महिन्यात पंधरा वेळा केले तर ६० लिटर पाणी गेले, तरी एक दिवसाआडची बचत ९० लिटर उरते. दुसऱ्या रात्री साधा इको पुरतो. इकोला तीन तासांहून जास्त वेळ लागतो म्हणून लोक त्याला नावे ठेवतात. पण साबणातली एन्झाइम्स स्टार्च आणि प्रथिने तोडतात ती कोमट-गरम पाण्यात आणि सावकाश. वेळ दिला, की तापवणे कमी पुरते.

भांडी आत ठेवण्याआधी नळाखाली स्वच्छ विसळू मात्र नयेत. शिते, कढीपत्ता आणि मिरचीचे तुकडे चमच्याने किंवा पोळीच्या तुकड्याने निपटून काढले की झाले. मशीनला द्यायच्या भांड्यांवरच आधी दहा लिटर ओतले, तर वरचा सगळा हिशेब व्यर्थ.

आता मूळ मुद्दा: मशीन भरायच्या आत लावावे का लागते? ताटे संपतात म्हणून क्वचितच. बहुतेक घरांत एखादीच वस्तू आधी संपते. कुठे ऑफिसचे डबे, कुठे चहाचे कप, कुठे वाट्या, कुठे एकुलते एक मधले पातेले. आठवडाभर नुसते लक्ष ठेवायचे, की अर्धे मशीन लावायला कोणी भाग पाडले. आपल्या जोडप्याच्या घरात ते दोन डबे असतील, तर दोन वाटा आहेत. रात्री ते दोनच डबे हाताने घासायचे, किंवा डब्यांचा आणखी एक जोड आणायचा. दुसरा जोड काही महिन्यांत वाचलेल्या गोळ्यांतून फिटतो. चमचे आणि वाट्या प्रत्येकी चार जास्त असल्या, तर बऱ्याच घरांत दोन दिवस निघतात.

भरलेले म्हणजे किती, हेही आपल्या भांड्यांनी ठरवायचे. 'चौदा जणांचे' हे माप युरोपीय ताटल्या, कप आणि काटे-चमच्यांचे आहे. कुकरचे डबे, परात आणि कढई खाली बसवली, की चौघांच्या स्वयंपाकात खालची जाळी संपते. लोखंडी तवा, पितळी-तांब्याची भांडी, पोळपाट-लाटणे आणि साधे ॲल्युमिनियम यांना आत जागा नाहीच. लोखंड गंजते, लाकूड फुगते, ॲल्युमिनियम काळे पडते. मशीन कधी भरेल याचा अंदाज बांधताना ही भांडी मोजू नयेत.

भरण्याच्या नादात कोंबले, तर दोनदा धुवावे लागते आणि त्याहून मोठी नासाडी नाही. वाटीत वाटी अडकली तर आतली तेलकट निघते. वाटी, पातेले सगळे पालथे आणि जरा तिरके हवे. लावण्याआधी दोन्ही पंखे हाताने फिरवून पाहायचे, झाऱ्याचा दांडा आडवा येत असेल तर तिथेच कळते. धुऊन झाल्यावर गोळी अर्धी विरघळलेली, कप्प्यातच चिकटलेली दिसली, तर बहुधा मोठे ताट कप्प्याच्या झाकणाला टेकले होते. वरच्या पेल्यांवर वाळूसारखे कण आले, तर तळाची गाळणी साफ करायची वेळ झाली.

काही रात्री मात्र अर्धे मशीन बिनदिक्कत लावावे. मासे किंवा अंडी झाली असतील, आणि नुसत्या पाण्याने वास जाणार नसेल, तेव्हा. घरात कोणी आजारी असेल तेव्हा. आणि चार दिवस गावाला निघायचे असेल, तर निघण्याच्या आदल्या रात्री आत जेवढी भांडी असतील तेवढी इकोवर, पावडर कमी घालून धुवावीत, आणि सकाळी नळाची तोटी बंद करून मशीनचे दार बोटभर उघडे ठेवावे, म्हणजे परत आल्यावर आत कुबट वास येत नाही.