छिद्र जुने की ताजे? मक्यावरच्या लष्करी अळीची ओळख

मे 2018 मध्ये कर्नाटकातल्या शिवमोग्गा परिसरात मक्यावर एक नवी अळी सापडली. ती मूळची अमेरिका खंडातली. 2016 मध्ये ती आफ्रिकेत दिसली होती आणि दोनच वर्षांत भारतात पोहोचली. त्याच वर्षी ती महाराष्ट्रातही आली. तिचा पतंग एका रात्रीत वाऱ्याबरोबर शंभर किलोमीटरपर्यंत जाऊ शकतो, त्यामुळे तालुका-जिल्ह्याच्या सीमा तिला अडवू शकत नाहीत. तेव्हापासून मका लावणाऱ्या प्रत्येकाला ‘अमेरिकन लष्करी अळी’ हे नाव पाठ झाले आहे. ती ओळखायची कशी आणि औषध केव्हा मारायचे, याबाबत मात्र शिवारात अजूनही गोंधळ दिसतो.

ओळख तशी सोपी आहे. मोठ्या अळीच्या डोक्यावर इंग्रजी वाय हे अक्षर उलटे ठेवल्यासारखी फिकट खूण असते. शेपटीकडे, शेवटून दुसऱ्या भागावर, चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार ठळक काळे ठिपके असतात. या दोन्ही खुणा जुळल्या की शंका उरत नाही. अडचण अशी की खुणा स्पष्ट दिसेपर्यंत अळी मोठी झालेली असते आणि कमी खर्चात आवरण्याची वेळ बरीचशी हातची गेलेली असते. म्हणून अळीआधी पान वाचायला शिकावे लागते.

मादी पतंग पानावर शे-दोनशे अंडी एका पुंजक्यात घालते आणि त्यावर आपल्या अंगावरची करडी लव पसरते. उन्हाळी-पावसाळी उबेत दोन-तीन दिवसांत अंडी फुटतात. अळ्या जेमतेम एक-दीड मिलिमीटरच्या असतात. त्यांच्या जबड्यांत पान आरपार कुरतडण्याइतकी ताकद नसते, म्हणून त्या पानाचा हिरवा भाग खरवडून खातात आणि पलीकडचा पापुद्रा तसाच ठेवतात. पान उजेडाकडे धरले की कागदासारखे पांढरट, अर्धपारदर्शक चट्टे दिसतात. लष्करी अळीची ही पहिली खूण. ती दिसली तर अळी अजून पहिल्या-दुसऱ्या अवस्थेत आहे.

तिसऱ्या अवस्थेत अळी पोंग्यात, म्हणजे मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, शिरते. आता पानाला आरपार छिद्रे पडू लागतात. चौथ्या अवस्थेपासून छिद्रे मोठी आणि वेडीवाकडी होतात. पाचव्या-सहाव्या अवस्थेत अळी तीन-चार सेंटिमीटरची होते, पाने फाटून चिंध्या होतात आणि पोंगा लाकडाच्या ओल्या भुशासारख्या विष्ठेने भरतो. अळी आयुष्यभरात जेवढे खाते त्यातला मोठा वाटा या शेवटच्या दिवसांतला असतो. अळ्या एकमेकींनाही खातात, त्यामुळे शेवटी एका पोंग्यात बहुधा एकच दांडगी अळी उरते. ती विष्ठेच्या थराखाली खोल बसते आणि वरून मारलेले औषध तिच्यापर्यंत धड पोहोचत नाही. म्हणूनच चिंध्या दिसल्यावर केलेली फवारणी अनेकदा वाया जाते. अळी दोन-तीन आठवड्यांत जमिनीत उतरून कोष करते, म्हणजे औषध मारले नसते तरी ती काही दिवसांत पानांवरून गेलीच असती.

इथे एक बारकावा नीट समजून घ्यायला हवा. मक्याचे पान पोंग्यात गुंडाळलेले असताना कुरतडले जाते आणि काही दिवसांनी उलगडते. आज उघड्या पानावर दिसणारे छिद्र कदाचित आठवड्यापूर्वीचे असते, आणि ते पाडणारी अळी मेलेली किंवा जमिनीत गेलेली असू शकते. जुनी छिद्रे भरून येत नाहीत, ती पीक निघेपर्यंत दिसत राहतात. त्यामुळे बांधावरून पाहून फवारणीचा निर्णय घेणे चुकीचे. पाहायचे ते सर्वांत कोवळे पान. त्यावर नवे चट्टे किंवा छिद्रे आहेत का, पोंग्यातली विष्ठा ओली आहे की सुकून पिवळट झाली आहे, यावरून अळी आत आहे की नाही ते कळते.

सिल्लोडकडच्या एखाद्या एकरभर खरीप मक्याचे उदाहरण घेऊ. साठ सेंटिमीटर बाय वीस सेंटिमीटरवर लावलेल्या एकरात तेहतीस हजारांच्या आसपास झाडे असतात. सगळी तपासणे शक्य नाही आणि गरजही नाही. कडेच्या चार-पाच ओळी सोडून आत शिरायचे, नागमोडी चालत पाच ठिकाणी थांबायचे आणि प्रत्येक ठिकाणी सलग वीस झाडांचे पोंगे पाहायचे. सलग मोजणे महत्त्वाचे, कारण निवडायला गेले की नजर खराब झाडाकडेच जाते. अशी शंभर झाडे झाली की ताज्या नुकसानीची झाडे हीच टक्केवारी.

समजा, उगवणीनंतर बाराव्या दिवशी शंभरांत तीन झाडांवर अंडीपुंज किंवा चट्टे मिळाले. पुंज बोटांनी चिरडून टाकले की पुरे. सोळाव्या दिवशी आठ झाडांवर चट्टे आहेत. लहान पिकात पाच टक्के ही मर्यादा मानतात, तेव्हा आता पाच टक्के निंबोळी अर्क फवारायचा: पाच किलो निंबोळी पावडर रात्रभर भिजवून, गाळून, शंभर लिटर पाण्यात. या टप्प्यावर अळ्या लहान आणि उघड्यावर असतात, म्हणून साधा उपायही लागू पडतो.

पंचविसाव्या दिवशी चौदा झाडांच्या पोंग्यात ओली विष्ठा आहे आणि पोंगा उलगडल्यावर सेंटिमीटरच्या आतल्या अळ्या मिळाल्या. पोंगा मोठा झाल्यावरची मर्यादा दहा ते वीस टक्के, म्हणजे आता औषधाची वेळ आली. इमामेक्टिन बेंझोएट पाच टक्के एसजी लिटरला 0.4 ग्रॅम, पंधरा लिटरच्या पंपाला सहा ग्रॅम. फवारा पानांवर उडवत न चालता नोझल थेट पोंग्यावर धरायचे, सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, कारण अळी तेव्हा वर येऊन खाते. हातमोजे आणि तोंडाला फडके हवेच. पुढची फवारणी लागलीच तर दुसऱ्या गटाचे औषध घ्यावे, एकच औषध सारखे वापरले की अळी त्याला दाद देईनाशी होते.

चार दिवसांनी पुन्हा शंभर झाडे पाहिली. तीस झाडांची पाने भोके पडलेली आहेत, पण नवे पान निर्मळ आहे आणि विष्ठा सुकली आहे. शेजारचे लोक म्हणतील, फवारणी फसली, पुन्हा मारा. ती फसलेली नाही. दुसरी फवारणी इथे निव्वळ खर्च आहे. पाने काही प्रमाणात खाल्ली गेली तरी पोसायला मक्याला अवधी मिळतो आणि तो सावरतो.

तुरा बाहेर पडल्यावर मात्र चित्र बदलते. अळी कणसात शिरते, तिथे औषध पोहोचवणे जवळपास अशक्य असते, आणि कणीस किंवा कडबा खाण्यात जाणार असतो. त्या टप्प्यावर रासायनिक फवारणी टाळून अळ्या हाताने वेचाव्यात. चाऱ्याच्या मक्यासाठीही निंबोळी किंवा जैविक उपायच बरे. कापणीच्या तारखेच्या आतल्या दिवसांत काय मारायचे नाही, ते डब्यावरच्या लेबलात लिहिलेले असते.

लावणीनंतरच्या पहिल्या दीड महिन्यात आठवड्यातून दोनदा, अर्धा-पाऊण तास काढून ही शंभर झाडे मोजावीत आणि आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत.